साजाचा टॅग: ग्रॉस, नेट आणि मधल्या साडेचार ग्रॅमचा हिशेब

प्रश्न: मुलीच्या लग्नासाठी गुजरीत कोल्हापुरी साज बघून ठेवलाय. टॅगवर ग्रॉस ३२.४८० आणि नेट २७.९५० असं लिहिलंय. दुकानदार म्हणतात, सोन्याचा दर नेटवर लावू, पण मजुरी १४ टक्के ग्रॉसवर, कारण काम अख्ख्या दागिन्यावर झालंय. माझी जाऊ म्हणते, तिचा साज मोडायला नेला तेव्हा बिलातल्या नेटपेक्षा बरंच कमी सोनं निघालं. मग हे नेट तरी खरं असतं का? आणि मजुरीचं त्यांचं म्हणणं मान्य करावं का?
– एक आई, राजारामपुरी

उत्तर:

ताई, तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत. मजुरीचा प्रश्न गणिताचा आहे आणि तो दुकानात पाच मिनिटांत सुटतो. नेट खरं की नाही, हा प्रश्न अवघड आहे, कारण साजाचं नेट वजन तयार दागिना काट्यावर ठेवून कोणालाच कळत नाही, दुकानदारालाही नाही. म्हणून आधी तिथूनच सुरुवात करू.

साधी चेन घेतली तर ग्रॉस आणि नेट एकच असतं. पुतळ्यांच्या माळेत पुतळी म्हणजे पत्र्याची चपटी चकती, त्यामुळे फरक पडतो तो दोऱ्या-गोंड्याचा, आणि दोरा काय, वेगळा काढूनही तोलता येतो. साज आणि बोरमाळ यांची गोष्ट निराळी. साजातलं प्रत्येक पान हे पातळ सोन्याच्या पत्र्याला ठशात दाबून केलेलं असतं. मासा, कासव, चंद्र, शंख अशी नक्षी पुढच्या बाजूला उठते, मागून दुसरा पत्रा झाळून ते बंद करतात आणि आत पोकळी राहते. ती तशीच ठेवली तर बोटाच्या दाबानं पान चेपेल, म्हणून गरम करून मऊ केलेली लाख त्यात भरतात. मधले मणीही असेच पोकळ आणि लाखेनं भरलेले. लाख भरणं ही लबाडी नाही, या घडणीची ती गरजच आहे. एवढ्या मोठ्या आकाराची २१ पानं भरीव सोन्यात केली असती तर साज गळ्याला पेलला नसता आणि खिशालाही.

अडचण अशी की एकदा लाख आत गेली की ती पुन्हा मोजायची सोय उरत नाही. खडा दिसतो, त्याच्या आकारावरून वजनाचा अंदाज येतो. लाख दिसत नाही. दुकानातलं कॅरट दाखवणारं मशीन इथं कामाचं नाही, कारण त्याचे क्ष-किरण पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतात. ते ‘९१६’ बरोबर सांगेल, पण त्या पत्र्यामागं किती सोनं आणि किती लाख आहे हे सांगू शकणार नाही. हॉलमार्कचंही तसंच. साजावरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये जरूर तपासा, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेची साक्ष देतो. टॅगवरचा नेटचा आकडा बरोबर आहे याची साक्ष त्यातून मिळत नाही. बरेच लोक शिक्का बघून निश्चिंत होतात आणि वजनाचं विचारायचंच राहून जातं.

मग नेटचा आकडा येतो कुठून? नीट काम करणाऱ्या पेढीवर कारागीर लाख भरण्याआधी पानं आणि मणी तोलतो, तो आकडा चिठ्ठीवर लिहितो. नंतर लाख भरली जाते, खडे बसतात, पटवेकरी सगळं गाठवून देतो, शेवटी पूर्ण साज तोलला की ग्रॉस मिळतं. ग्रॉस वजा आधीचं सोन्याचं वजन, म्हणजे ‘लेस’. इथं नेट हे खरोखर तोललेलं आहे आणि लेस हे त्यावरून काढलेलं आहे.

काही ठिकाणी उलटं होतं. तयार माल येतो, सोबत चिठ्ठी नसते किंवा नीट नसते, मग दुकानात ग्रॉस तोलून त्यातून लाख-दोऱ्यापोटी ठरावीक टक्के वजा करतात आणि उरलेल्याला नेट म्हणतात. यात प्रत्येक वेळी फसवायचा हेतू असतोच असं नाही, पण तो आकडा अंदाज आहे, वजन नव्हे, आणि भाव मात्र वजनासारखा लागतो. हे ओळखायची एक साधी खूण आहे. लेसला ग्रॉसनं भागून बघा. ३२.४८० च्या साजाला लेस बरोबर ३.२४८ असेल, म्हणजे नेमके १० टक्के, तर ते कोणी तोललेलं नाही, कॅल्क्युलेटरवर काढलंय. तुमच्या टॅगवर लेस ४.५३० येतं, ते सुमारे १३.९५ टक्के आहे. असा वेडावाकडा आकडा ही चांगली खूण आहे, पुरावा नव्हे. त्याच दुकानातल्या आणखी दोन-तीन साजांचे टॅग मागून तोच भागाकार करा. सगळीकडे टक्केवारी जवळजवळ तीच आली तर शंका घ्यायला जागा आहे. हातानं भरलेल्या लाखेचं प्रमाण प्रत्येक साजात थोडंफार बदलणारच.

आता या ४.५३० ची फोड मागा. दुकानदारांनी सांगितलेली फोड समजा अशी आली: लाख ३.३८०, खडे ०.४२०, दोरा, गोंडा आणि काचेचे मणी मिळून ०.७३०. बेरीज जुळते. यातल्या खड्यांकडे जरा थांबून बघा. ०.४२० ग्रॅम म्हणजे रत्नांच्या मापात २.१ कॅरट, कारण एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. साजातली लाल आणि हिरव्या खड्याची पानं ठरलेली. साध्या साजात हे खडे बहुधा कृत्रिम असतात आणि त्यांची किंमत किरकोळ असते. पण खरे माणिक-पाचू म्हणून कॅरटवर पैसे लावले असतील तर बिलावर तसं स्पष्ट लिहून आलं पाहिजे, आणि त्यांचं वजन नेटमधून वजा झालेलंच असलं पाहिजे. खड्याचे पैसे वेगळे आणि वजन सोन्यातही, असं झालं तर एकाच खड्यासाठी तुम्ही दोनदा पैसे मोजता.

लाखेत चूक झाली तर ती किती महागात पडते ते बघा. पुढच्या सगळ्या हिशेबात २२ कॅरटचा दर ग्रॅमला १०,००० रुपये धरलाय, तो फक्त सोयीसाठी. तुम्ही त्या दिवशीचा दर घाला. साजात २१ पानं आहेत आणि प्रत्येक पानात लाख फक्त ५० मिलिग्रॅमनं कमी धरली असं समजा. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढं हे वजन. पानांतच १.०५० ग्रॅमचा फरक झाला, मणी वेगळेच. सोन्याचे १०,५००, त्यावर १४ टक्के मजुरी १,४७०, आणि दोन्हींवर ३ टक्के जीएसटी धरून १२,३२९ रुपये लाखेसाठी गेले. लाख तीच, दागिना तोच, काट्यावरचं ग्रॉसही तेच. म्हणून ग्रॉस बरोबर जुळलं की नेट बरोबर, असं समजू नका.

तुमच्या जाऊबाईंचं बहुधा इथंच बिनसलंय. मोड घेताना सोनार आधी दोरा कापतो, खडे काढतो, मग पानं तापवून लाख जाळतो. काळा धूर निघतो, पत्रे मोकळे होतात, ते मुशीत वितळवून लगड करतात आणि ती तोलून तिची शुद्धता तपासतात. यात थोडी घट रास्त आहे. वर्षानुवर्षांचा मळ, झिज, झाळकामातला धातू, मुशीला चिकटलेले कण, या सगळ्यांनी मिळून काही मिलिग्रॅम ते थोडं जास्त कमी होऊ शकतं. पण बिलावर नेट २७.९५० आणि लगड २६.१०० निघाली, तर १.८५० ग्रॅमची ही तफावत मळानं होत नाही. ते सोनं साजात कधी नव्हतंच. मात्र असा निष्कर्ष काढण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. मधल्या काळात एखादं पान बदललं होतं का किंवा मणी हरवले होते का, आणि लाख तुमच्यासमोर जाळली होती की दागिना आतल्या खोलीत नेला होता. दुसरं घडलं असेल तर चूक विकणाऱ्याची की मोड घेणाऱ्याची, हे नंतर सांगणं शक्य नाही.

याच कारणासाठी तुम्हाला आमचा ठाम सल्ला आहे की लग्नाला दोन महिने हाताशी असतील तर तयार साज न घेता ऑर्डर द्या. कोल्हापुरात साज करणारे कारागीर गुजरीच्या आसपासच बसतात, त्यामुळे ही सोय इथं जितकी सहज मिळते तितकी दुसऱ्या शहरात मिळत नाही. ऑर्डर देतानाच सांगा की लाख भरण्याआधी पानं, मणी आणि मागचा फासा माझ्यासमोर तोलायचा. त्या दिवशी जा, काट्यावर सगळं एकत्र ठेवा, आकडा ऑर्डरच्या पावतीवर लिहून घ्या आणि फोटो काढा. तोच तुमचा नेट. नंतर साज तयार झाला की ग्रॉस कितीही येवो, सोन्याचा दर लागेल तो त्या आधी लिहिलेल्या आकड्याला. हे सांगितल्यावर बहुतेक चांगले व्यापारी काही हरकत घेत नाहीत. घेतलीच, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

तयार साजच घ्यायचा असेल तर तोलण्याची पद्धत तरी नीट करून घ्या. काटा रिकामा असताना ०.००० दाखवतोय का ते बघा, काचेचं झाकण बंद असू द्या, डोक्यावरचा पंखा थोडा वेळ बंद करायला सांगा, कारण तिसरा दशांश वाऱ्यानं हलतो. वैध मापन विभागाचा चालू वर्षाचा पडताळणी शिक्का काट्यावर असायला हवा. आणि टॅग काढून तोला. प्लॅस्टिकचा टॅग आणि त्याची दोरी मिळून २०० मिलिग्रॅम भरली तर तेवढ्याचे २,००० रुपये होतात. टॅग लावलेला साज ३२.४८० भरला आणि टॅग काढून ३२.२८० आला, तर नेटही तेवढंच खाली आलं पाहिजे, कारण लाख-खडे-दोरा आहे तितकाच आहे. गोंडा बदलून हवा असेल तर तो बदलल्यावर पुन्हा तोलायला सांगा. बारीक वाटतं, पण टॅग पूर्वी लिहिलेला असतो आणि गोंडा आज बदललेला, मग टॅग आणि साज जुळत नाहीत आणि सगळा हिशेब जुन्या टॅगवर चालू राहतो.

आता मजुरी. घडणावळ किती घ्यावी आणि कशावर घ्यावी, याला सरकारी मर्यादा नाही. ती दुकानदार आणि तुम्ही ठरवायची गोष्ट आहे, त्यामुळे ग्रॉसवर मजुरी लावणं बेकायदा म्हणता येणार नाही. काम अख्ख्या दागिन्यावर झालंय हे त्यांचं म्हणणं अर्धं खरंही आहे. लाख भरायला, खडे बसवायला, गाठवायला हात लागतोच. पण त्या कामाचे पैसे लाखेच्या वजनाला सोन्याचा भाव लावून का काढायचे? १४ टक्के हे टक्के सोन्याच्या किमतीचे आहेत. ग्रॉसवर ते लावायचे म्हणजे लाख आणि दोराही ग्रॅमला १०,००० रुपयांचा आहे असं धरून त्यावर टक्के काढायचे. सोनं महागलं की दोऱ्यावरची मजुरीही महागते, दोरा मात्र तोच. आमच्या मते हे मान्य करू नये. गाठवण्याचे आणि लाखकामाचे पैसे त्यांनी रुपयांत वेगळे सांगावेत, ते देणं रास्त आहे.

तुमच्या साजाचं गणित मांडतो. सोनं: २७.९५० गुणिले १०,०००, म्हणजे २,७९,५००. मजुरी नेटवर १४ टक्के: ३९,१३०. खडे आणि गाठवणं मिळून समजा २,७०० रुपये. बेरीज ३,२१,३३०. त्यावर ३ टक्के जीएसटी ९,६३९ रुपये ९० पैसे. एकूण ३,३०,९६९ रुपये ९० पैसे. हॉलमार्कचा किरकोळ आकार यात धरलेला नाही.

मजुरी ग्रॉसवर लावली तर ३२.४८० ची किंमत ३,२४,८०० धरून तिचे १४ टक्के, म्हणजे ४५,४७२. बाकी सगळं तेच ठेवलं तर एकूण येतं ३,३७,५०२ रुपये १६ पैसे. फरक ६,५३२ रुपयांचा. सोनं एक गुंजही वाढलेलं नाही.

याच आकड्याकडे दुसऱ्या बाजूनं बघितलं तर दुकानं ताडून पाहायला सोपं जातं. ४५,४७२ ला २,७९,५०० नं भागलं तर १६.२७ टक्के येतात. म्हणजे ‘१४ टक्के’ म्हणून सांगितलेली मजुरी तुम्हाला मिळणाऱ्या सोन्यावर १६.२७ टक्के पडते. शेजारच्या दुकानात कोणी ‘१६ टक्के, पण नेटवर’ म्हणालं तर ते महाग वाटतं, पण याच साजाला त्यांची मजुरी ४४,७२० होईल, म्हणजे १४ टक्केवाल्यापेक्षा ७५२ रुपयांनी कमी. टक्के ऐकून दुकान ठरवू नका. जीएसटीसकट अंतिम रक्कम घ्या, तिला नेट वजनानं भागा. पहिल्या हिशेबात नेट ग्रॅममागे सुमारे ११,८४० रुपये पडतात, दुसऱ्यात सुमारे १२,०७५. हा एक आकडा दोन दुकानांत ताडून बघितला की सूट, ऑफर, मजुरीतली सवलत या सगळ्याचा हिशेब आपोआप त्यात येतो. फक्त दोन्हीकडचं नेट विश्वासाचं हवं, नाहीतर फुगवलेल्या नेटनं भागल्यावर महाग दुकान स्वस्त दिसेल.

काही जण मजुरीऐवजी घट म्हणून वजन वाढवतात. ८ टक्के घट नेटवर २.२३६ ग्रॅम होते आणि ग्रॉसवर २.५९८. प्रश्न तोच, विचारायचंही तेच. आणि दर सांगताना तो २२ कॅरटचा आहे ना, हे एकदा विचारा. २२ कॅरटच्या नेटला २४ कॅरटचा दर लागला तर वरची सगळी काळजी घेऊनही तुम्ही जास्त पैसे दिलेले असतील.

बिलाचं मात्र ढिलं सोडू नका. हॉलमार्कच्या नियमांनुसार बिलावर प्रत्येक दागिन्याचं वर्णन, सोन्याचं नेट वजन, कॅरट व शुद्धता आणि हॉलमार्कचा आकार वेगवेगळा लिहिणं दुकानदाराला बंधनकारक आहे. ‘साज १ नग, ३२.४८०’ एवढंच लिहिलेलं बिल घेऊ नका. लाख, खडे आणि दोरा यांची वजनंही त्यावर वेगळी लिहून घ्या. शिवाय एक ओळ मागा: ‘मोडीच्या वेळी लाख, खडे, दोरा काढून सोन्याचं वजन २७.९५० धरलं जाईल, रास्त घट अमुक ग्रॅमपर्यंत.’ घटीचा आकडा त्यांनीच घालायचा. ज्यांनी लाख भरण्याआधी तोललंय त्यांना ही ओळ लिहायला जड जात नाही. ज्यांनी टक्के वजा करून नेट काढलंय ते इथं अडतात, आणि तेवढ्यात तुम्हाला टॅग कुठून आला ते कळतं. कच्च्या चिठ्ठीवर लिहून देतो म्हणाले तर नको म्हणा. ओळ जीएसटीच्या पक्क्या बिलावरच हवी.

बिलावर नेट लिहून दिलं आणि तोललं तर काटाच चुकीचा निघाला, अशी वेळ आली तर तक्रार जिल्ह्याच्या वैध मापन कार्यालयात करायची. नेट खोटं लिहून जास्त पैसे घेतल्याचं प्रकरण ग्राहक आयोगाकडे जातं. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तरी चालते. दोन्हीकडे पहिला प्रश्न बिलाचाच येतो.

साज घरी आल्यावर तो दुरुस्तीला जाणारच. पान चेपतं, लाख तडकते, गोंडा काळा पडतो. लाख नव्यानं भरून आली की ग्रॉस बदलतं, नेट बदलायचं कारण नाही. म्हणून दुरुस्तीला देताना आणि परत घेताना साज तोलून दोन्ही आकडे पावतीवर लिहून घ्या, पानं आणि मणी मोजून द्या, आणि एखादं पान बदललं तर जुन्या आणि नव्या पानाचं लाखेशिवायचं वजन वेगळं मागा. या पावत्या मूळ बिलाला टाचून मुलीकडे द्या, कारण वीस वर्षांनी मोड करायची वेळ आली तर सोनाराशी बोलायला तिच्या हातात तेवढंच असेल.